हाडाचं माप, मासाचं माप

माझ्या आजीला घरातल्या प्रत्येकाचे माप तोंडपाठ आहे, असे आमच्या गावात कोणीही सांगेल. वर्धा जिल्ह्यातले हे लहानसे गाव, आणि त्यात आमचे घर महालक्ष्म्यांचे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणाचे जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. या तीन दिवसांसाठी नागपूर, पुणे, अमरावती जिकडे जिकडे आमची माणसे गेली आहेत, तिकडून ती परत येतात, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी आजीने शिवलेला एक कपडा तयार असतो. तो अंगात घातला की बसतो. टेप घेऊन कोणाला उभे केलेले नसते, कोणाकडून आकडे मागवलेले नसतात. पाहुण्यांना याचे मोठे नवल वाटते आणि ते आजीच्या स्मरणशक्तीचे कौतुक करतात. मी तिच्या मशीनजवळ बसून बरीच वर्षे काजे-बटणे केली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की यात स्मरणशक्तीचा वाटा निम्माच आहे. उरलेला निम्मा वाटा कशाचा आहे, ते नीट लिहून ठेवावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

शिवणकाम श्रावणात सुरू होते आणि पोळ्याच्या आत संपवायचे असते, कारण पोळ्यानंतर घर सारवणे, फराळ आणि महालक्ष्म्यांची मांडणी यांतून तिला वेळ मिळत नाही. कापड मात्र हिवाळ्यातच, कापसाचा पैसा हाती आला की घेऊन ठेवलेले असते. पॉपलीन, मांजरपाट, ब्लाउजसाठी रुबिया अशी ताग्यातून फाडून आणलेली कापडे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून लोखंडी पेटीत पडून असतात. कापायच्या आदल्या रात्री सुती कापड बादलीत भिजत घालायचे आणि सकाळी न पिळता सावलीत वाळवायचे, हा तिचा नियम आहे. न भिजवलेले मांजरपाट पहिल्या धुण्यातच वारामागे इंचभर, कधी जास्तही आटते, आणि मग मापात काडीची चूक नसतानाही सदरा आखूड होतो. एक आणखी हिशेब ती कापड घेतानाच करते. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला आणि पुढे दुकानांत वाराची पट्टी जाऊन मीटरची आली, पण आजी अजूनही वारातच विचार करते. मीटर म्हणजे वार आणि वर चार बोटे, असे तिचे कोष्टक आहे, आणि छत्तीस इंचांच्या वाराला तिची तीन इंचांची चार बोटे जोडली तर ते मीटरच्या अगदी जवळ जाते. तेवढ्याने जे थोडे उरते, ते ती पदरातच पडू देते.

आता मापांविषयी. आजी माणसाची मापे दोन प्रकारची मानते, आणि सगळे कौशल्य या वाटणीत आहे. मी पहिल्यांदा तिच्या हाताखाली बसले, तेव्हा तिने मला सांगितले होते, "पोरी, हाडाचं माप एकदा घ्या लागते. मासाचं माप दरसाल पाहा लागते." एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंतची रुंदी, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ, खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात ही हाडाची मापे. माणूस वाढून पुरा झाला की ती वर्षानुवर्षे तशीच राहतात, म्हणून ती पाठ करून ठेवता येतात. छाती, कंबर, दंड आणि पोट ही मासाची मापे. बाळंतपण, आजारपण, शहरातली बैठी नोकरी, शेतातला एखादा कडक उन्हाळा, यांपैकी कशानेही ती बदलतात. ती पाठ करून उपयोग नाही, कारण गेल्या वर्षीचे पाठ केलेले माप या वर्षी खोटे असू शकते. त्यामुळे आजी ज्यांना पाठ असलेली मापे म्हणते ती हाडाची. मासाची मापे ती दर वर्षी नव्याने शोधून काढते, आणि तीही माणूस समोर नसताना.

हे कसे होते ते एका ब्लाउजवरून सांगते. माझी चुलत बहीण लग्नानंतर पुण्याला गेली, तिला मुलगी झाली, आणि दोन वर्षे तिला सणाला येता आले नाही. तिसऱ्या वर्षी ती येणार असे ठरले, तेव्हा आजीने तिला फोन लावायला सांगितला. तब्येत, बाळाचे दात, सासूबाईंचे गुडघे असे सगळे विचारून झाल्यावर आजीने विचारले, "मी शिवलेला तो हिरवा ब्लाउज घालतेस काय वं अजून? कोणत्या टिपेवर हायेस आता?" पलीकडून उत्तर आले, "दोन उसवल्या, आजी. तिसरीवर आहे." आजी म्हणाली, "मंग छत्तीस झाली. ठीक आहे," आणि फोन माझ्या हातात दिला.

घरी शिवलेल्या ब्लाउजच्या बगलेत, बाजूच्या शिलाईत, एकाच टिपेवर कोणी थांबत नाही. पहिली टीप मापावर, तिच्या बाहेर पाव इंचावर दुसरी, तिच्या बाहेर पाव इंचावर तिसरी, आणि त्याही पलीकडे थोडी माया सोडलेली असते. अंग भरले की आतली टीप उसवायची आणि पुढच्या टिपेवर यायचे. एक टीप उसवली की पुढच्या भागातून पाव इंच आणि पाठीच्या भागातून पाव इंच असे एका बाजूला अर्धा इंच, आणि दोन्ही बाजू मिळून एक इंच कापड मोकळे होते. हिरवा ब्लाउज चौतीस छातीचा होता, बहिणीने दोन टिपा उसवल्या होत्या, म्हणजे छाती छत्तीस झाली होती. या हिशेबासाठी आजीला टेप लागत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी शिवताना पुढच्या मापाची तजवीज तिने स्वतःच ब्लाउजमध्ये करून ठेवलेली असते.

पण खरे कसब याच्या पुढे आहे. छाती दोन इंचांनी वाढली, म्हणून सगळाच ब्लाउज त्या प्रमाणात मोठा करायचा असे नवशिक्या हाताला वाटते, आणि कापड बिघडते ते इथेच. बाळंतपणाने खांद्याची हाडे रुंद होत नाहीत. चौतीसचा खांदा छत्तीसच्या छातीबरोबर ओढून मोठा केला, तर खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा पसरतो, आणि बाई दिवसभर खांदा वर ओढत राहते. आजीने बहिणीच्या ब्लाउजचा खांदा, पाठीची उंची आणि गळ्याची रुंदी जुन्या मापाचीच ठेवली. वाढवली ती फक्त बगलेखालची रुंदी, चारी भागांना अर्धा अर्धा इंच, आणि पुढच्या टक्सची खोली थोडी जास्त घेतली, म्हणजे भरलेल्या छातीला जागा मिळाली आणि खालची पट्टी बरगडीला चिकटून राहिली. दंडाविषयी तिने फोनवर विचारलेच नव्हते. बाही कापताना मी ते लक्षात आणून दिले, तर ती म्हणाली की छाती दोन इंच भरली तर दंड अर्धा-पाऊण इंच भरतोच. बाहीच्या शिलाईतही तिने दोन टिपा घातल्या. सणाला बहीण आली आणि तिने ब्लाउज घातला, तेव्हा बाहीची एक टीप उसवावी लागली. बाकी कुठेही सुई लावावी लागली नाही.

जी माणसे गावातच राहतात, त्यांच्यासाठी फोनची गरज नसते, पण त्यांनाही ती टेप लावत नाही. ती त्यांच्या अंगावरच्या जुन्या कपड्याच्या वळ्या पाहते. छातीवर किंवा पोटावर आडव्या वळ्या पडत असतील, तर कपडा तिथे घट्ट झाला आहे. उभ्या वळ्या लोंबत असतील, तर तो तिथे सैल झाला आहे, म्हणजे माणूस उतरला आहे. तिरप्या वळ्या जिथून निघतात तिथे काही तरी अडते आहे, आणि तेवढीच जागा दुरुस्त करायची असते. माझ्या काकांनी उमेदीत बरीच वर्षे जिनिंगमध्ये एकाच खांद्यावरून गाठोडी वाहिली. त्यांच्या सदऱ्यावर मानेपासून डाव्या बगलेकडे उतरणारी एक तिरपी वळी कायम असायची. ती पाहून आजीने ओळखले की डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा ती अर्ध्या बोटाने जास्त उतरता कापते आणि त्या बाजूचा मुंढाही तेवढाच खाली घेते, कारण खांदा उतरवून मुंढा तसाच ठेवला तर बगल काचते. बाजारच्या सदऱ्याचे दोन्ही खांदे सारखे असतात, म्हणून काकांना बाजारचा सदरा कधीच आवडला नाही. त्याचे कारण मात्र त्यांना स्वतःला सांगता येत नसे.

हाडाची मापे बदलत नाहीत, हा नियम एका माणसाने मोडला, आणि ते म्हणजे आमचे आबाजी. त्यांची पाठ हळूहळू वाकत गेली. घरातल्या कोणाच्या ते लक्षात येण्याआधी त्यांच्या बंडीने ते दाखवले, असे आजी सांगते. बंडी मागून वर चढायला लागली, पुढून खाली लोंबायला लागली आणि गळा पुढून त्यांच्या कंठाला लागायला लागला. कोणीही मागच्या काठाला जास्तीचे कापड जोडून दिले असते. त्याने मागचा काठ सरळ दिसला असता, पण गळा तसाच मागे ओढला गेला असता, कारण वाकलेल्या पाठीला जास्तीचे कापड वर, खांदा आणि बगल यांच्या मधे लागते. आजीने पाठीचा भाग कापताना मुंढ्याच्या रेषेच्या वर बोटभर उंची वाढवली, मागचा गळा थोडा वर उचलला आणि पुढचा भाग तेवढाच कमी केला. पुढच्या सणाला तिने पाठीत बोटभराऐवजी दीड बोट वाढवले. त्या बंड्या आबाजी गेल्यानंतरही पेटीत आहेत. एकावर एक ठेवून खांदे जुळवले, तर प्रत्येक बंडीची पाठ आधीच्या बंडीपेक्षा किती उंच होत गेली ते बोटाने मोजता येते. त्या मी जुळवून पाहिल्या त्या दुपारी आजी शेजारीच बसली होती. ती एवढेच म्हणाली की शेवटची बंडी कापताना तिने पुढचा भाग आणखी कमी करायला हवा होता.

आजीच्या या सगळ्या मापांना एक धोका होता, आणि तो एका वर्षी समोर आला. ती लांबी विती मोजून घेते आणि रुंदी बोटांनी. तिची वीत आठ इंचांची होती आणि चार बोटे तीन इंचांची. त्या वर्षी सणाला सगळ्यांनी कपडे घातले आणि सगळेच कपडे बिघडलेले निघाले. लांबीला सगळे आखूड, आणि बाह्या सगळ्यांच्या थोड्या ढगळ. घरात हळू आवाजात बोलणे सुरू झाले की आता आजीला आठवत नाही, वय झाले, शिवण थांबवावे. आजीने सगळ्यांना कपडे काढून द्यायला सांगितले आणि ते अंथरून ओळीने लावले. लहान मुलीचा फ्रॉक दीड इंच कमी होता, काकांचा सदरा दोन इंचांच्या जवळ कमी होता, परकर त्याहून जास्त कमी होता. कपडा जेवढा लांब, तेवढी कमतरता जास्त, हे तिने मला दाखवले. आठवणीत चूक असती तर एखाद्याचा कपडा आखूड आणि दुसऱ्याचा लांब झाला असता. सगळ्यांचे एकाच बाजूला आणि लांबीच्या प्रमाणात चुकत असेल, तर माणसे आठवणीत बरोबर आहेत आणि मोजणारी काठी चुकली आहे. तिची काठी म्हणजे तिचा हात होता. संधिवाताने अंगठा पूर्वीइतका ताणला जात नव्हता, म्हणून वीत साडेसात इंचांवर आली होती. तीन विती म्हणून कापलेला फ्रॉक चोवीस इंचांऐवजी साडेबावीस निघाला तो त्यामुळे. आणि त्याच संधिवाताने सांधे सुजून चार बोटे तीन इंचांवरून सव्वातीनवर गेली होती, म्हणून आठ बोटे मोजून कापलेली, दुहेरी कापडावर सहा इंचांची असायची ती बाही साडेसहा इंचांची झाली आणि घेरात एक इंच सैल पडली.

जुनी वीत परत मिळवायची कशी, हा प्रश्न होता, कारण तिच्या डोक्यातली सगळी मापे जुन्या वितीत होती. घरात एक टेप होता, पण तो जुना, कापडी आणि ओढून ओढून लांबलेला, आणि आजीचा त्यावर विश्वास नव्हता. तो खरेच चुकीचा होता. लाकडी मीटरपट्टीला लावून पाहिला, तेव्हा मीटरमागे तो जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त निघाला. आजीने उशीची एक जुनी खोळ काढली. उशा बदलत नाहीत, आणि ती खोळ आपण तीन विती लांबीची कापली होती, दुमड वेगळी, हे तिला पक्के ठाऊक होते. खोळीची लांबी दुमड सोडून तीन सारख्या घड्यांत घातली आणि एका घडीएवढी बांबूची कामटी कापली. मी ती पट्टीवर ठेवून पाहिली, तर आठ इंचांना केसभर कमी होती. चार बोटांसाठी तिने तसेच काजपट्टीच्या मापावरून दुसरी, तोकडी कामटी कापली. तेव्हापासून ती या दोन कामट्यांनी मोजते, आणि पुढच्या सणाला कोणाचाही कपडा आखूड झाला नाही.

महालक्ष्म्यांच्या दोन कोथळ्यांचे ब्लाउजही तीच शिवते. ज्येष्ठेपेक्षा कनिष्ठेची कोथळी दोन बोटांनी बारीक आहे, आणि हे अंतर तिच्या सासूच्या वेळेपासून तसेच आहे. पण कोथळीत गहू भरून ती उभी केल्याशिवाय ती ब्लाउजची बाजू शिवत नाही. गहू कोणी भरला, किती ठासून भरला, त्यावर छातीत बोटाचा फरक पडतो, म्हणून पाठ असलेले माप इथेही शेवटी भरून पाहून मगच पक्के करायचे, असे तिचे म्हणणे आहे.

अलीकडे मात्र तिची एक वाट बंद होत चालली आहे. पुण्याची नातवंडे घरी तयार टी-शर्ट आणि लवचीक कमरेच्या पँट घालतात. ताणले जाणारे विणीचे कापड अंगाप्रमाणे पसरते, त्यावर वळ्या पडत नाहीत, आणि तयार कपड्याच्या शिलाईत जेमतेम सेंटिमीटरभर कापड असते, त्यामुळे त्यात दुसरी टीप नसते. मुलगा वर्षभरात किती वाढला, हे त्यावरून कळायला मार्ग नाही. वाढत्या मुलाचे तर हाडही स्थिर नसते. पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान मूल वर्षाला साधारण दोन इंच वाढते, पण ती वाढ सगळीकडे सारखी वाटली जात नाही, पाय जास्त वाढतात आणि धड कमी. त्यामुळे फ्रॉकची किंवा सदऱ्याची कंबर बोटभरही खाली नेऊ नये आणि पायजम्याला मात्र भरपूर वाढवावे, हे तिला ठाऊक आहे. फक्त सुरुवात कुठून करायची, तो आकडा हवा असतो.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यासाठी पायजमा आणि सदरा शिवायचा होता. त्याच्या आईने टेपने घेऊन आकडे पाठवले होते, पण आजीने ते घेतले नाहीत. मूल टेपपुढे श्वास रोखून, खांदे वर करून उभे राहते, असे तिचे कारण होते. तिने विचारले की शाळेची पँट कशी आहे. शाळेची पँट टिकाऊ कापडाची, खाली मोठी दुमड असलेली, आणि वर्षभरात दोनदा सोडलेली होती. दुमड सोडली की जुन्या काठाची फिकट रेघ कापडावर राहते. आईने पँटच्या पायाचा फोटो पाठवला, त्यात दोन रेघा दिसत होत्या. खालची रेघ आणि आताचा काठ यांत अंतर किती, ते बोट शेजारी ठेवून फोटो पुन्हा मागवला. दोन्ही रेघांमधले आणि रेघ-काठामधले अंतर मिळून मुलाच्या पायाची वर्षाची वाढ आजीने काढली. ती जवळजवळ दीड इंच होती. त्याचा गेल्या सणाचा पायजमा तिला ठाऊक होताच, त्यात तिने दीड इंच घातले, पुढच्या वर्षासाठी खाली तीन बोटांची दुमड ठेवली, आणि सदऱ्याच्या उंचीत अर्धाच इंच वाढवला.

पूजनाच्या दिवशी भाच्याने ते कपडे घातले. पायजमा घोट्यावर बरोबर आला. सदऱ्याचे हात मात्र मनगटाच्या बोटभर वर राहिले, कारण हाताची वाढ दाखवणारी कोणतीही रेघ त्या पँटवर नव्हती. बाहीच्या दुमडीत आजीने दोन बोटे कापड ठेवलेच होते. ती नैवेद्याचे ताट वाढून होईपर्यंत थांबली, मग मुलाला मांडीवर घेऊन दोन्ही बाह्यांची तुरपाई उसवली आणि बोटभर खाली घेऊन पुन्हा घातली, आणि त्याच्या आईला सांगितले की पुढच्या वर्षी शाळेचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर पण दाखव.